मामींच्या डब्यावरचा लाल डाग

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरी प्लास्टिकचा एखादा पांढरा डबा असेल, तर तो जरा डोळ्यांसमोर आणा. टोमॅटोची भाजी भरून नेली की त्याला केशरी-लाल डाग पडतो, आणि कितीही घासला तरी जात नाही. आज बोलायचंय ते कोशिंबिरीत थोडं तेल का घालावं आणि टोमॅटो शिजवून का खावा याबद्दल. मी पंचवीस-तीस वर्षं मुलींना आहारशास्त्र शिकवलं. पण हा धडा मला कळला तो पुस्तकात नाही, सेलूजवळच्या एका खेड्यात, मामांच्या घरी.

मामांना एकदा छातीत दुखल्यासारखं झालं. तपासणी झाली, फार काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "तेल कमी करा." मामांनी ऐकलं, "तेल बंद करा." आमच्या मामांचं सगळं असंच. चहा कमी करा म्हटलं तर कपबशा माळ्यावर जायच्या. घरी आल्या आल्या मामींना हुकूम सुटला, माझ्या ताटात तेलाचा थेंब नको. फोडणी नको, शेंगदाण्याचं कूट नको, कारण कुटातपण तेल असतंय. ते मात्र खरंच होतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच.

मग शेतात जाणारा डबा ठरून गेला. दोन ज्वारीच्या भाकरी, मीठ, कांदा, आणि टोमॅटो-गाजराच्या कच्च्या चकत्या. तीन आठवडे तोच डबा. मामी सकाळी चकत्या करायच्या आणि पुटपुटायच्या, "बैलाला बी पेंड मिळतीय."

मध्येच सांगते, त्या घरात तेल म्हणजे करडईचं. ज्वारीत पाटे टाकून स्वतः पिकवलेली करडई, घाण्यावरून गाळून आणलेली. आता करडई काट्यामुळे कुणी काढायला तयार होत नाही, आणि आम्ही पिशवीतलं कुठलं कुठलं तेल आणतो. मला हे काही पटत नाही. असो, विषय टोमॅटोचा आहे.

तर चौथ्या आठवड्यात मामींचा धीर सुटला. त्यांनी काय केलं? लोखंडी तव्यावर अर्धी पळी करडईचं तेल, त्यात जिरं आणि चार लसूणपाकळ्या ठेचून, आणि वर चिरलेले पाच-सहा लालबुंद टोमॅटो. झाकण ठेवलं. मऊ झाले की वाटीच्या बुडानं रगडले. पुन्हा मंद आचेवर ठेवले. पाव तासानं चटणी आटली आणि कडेला तेल सुटलं. मी चुलीपाशीच बसले होते, सुट्टीत आलेली. ते तेल मी पाहिलं. घातलं तेव्हा पिवळसर होतं, आता लाल झालं होतं. तिखट घातलं नव्हतं, हळद घातली नव्हती. टोमॅटोचं पाणी मात्र तव्यावर फिकटच दिसत होतं. लाली सगळी तेलात उतरली होती.

मामांना सांगितलं, "पाण्यात उकडलेत टमाटे." मामांनी खाल्लं आणि खुश. म्हणाले, "बिनतेलाचं असूनबी काय चव आलीय गं!" मामी माझ्याकडे बघून गप.

आठ दिवस असे गेले. एका संध्याकाळी मामा हौदावर डबा विसळत होते. त्यांनी तो उन्हाकडे धरला, पुन्हा घासला, राखेनं घासला, निरम्यानं घासला. मग हाक आली.

"अगं, ह्यो डाग कशाचा?"

"टमाट्याचा असंल."

"मी तीन आठवडे टमाटेच खायलो की. तवा डबा पांढराच होता. आता आठ दिवसांतच लाल कसा झाला?"

मामा आठवी शिकलेले. पण या प्रश्नाला विज्ञानाच्या परीक्षेत मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. टोमॅटो तोच, डबा तोच, पाणी तेच. मग बदललं काय?

मामींनी उत्तर दिलं नाही. आत गेल्या, करंगळी तेलात बुडवून आणली, त्या डागावर चोळली आणि फडक्यानं पुसली. फडकं केशरी झालं, डाग फिका पडला. जो डाग पाण्यानं हलला नाही, राखेनं हलला नाही, तो तेलाच्या एका थेंबानं निघायला लागला. मामा त्या फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे रंग तेलासंगं चालतोय. आन् तू मला तेल चारायलीस!" त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

आता डब्यात जे झालं, तेच पोटात होतं. टोमॅटोची लाली म्हणजे लायकोपीन नावाचं रंगद्रव्य. गाजराचा केशरी रंग म्हणजे बीटा कॅरोटीन. पालकात, मेथीत ल्युटीन असतं, ते हिरव्या रंगाखाली झाकलेलं. या सगळ्यांना मिळून कॅरोटिनॉइड म्हणतात. आणि सगळ्यांचा स्वभाव एक: पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. पुन्हा सांगते, पाण्यात नाही, तेलात.

आपलं आतडं आतून पाणीदार असतं. तिथं हे रंगद्रव्य नुसतं आलं, तर मामांच्या कच्च्या चकत्यांसारखं डबा पांढरा ठेवून पुढं निघून जातं. जेवणात थोडं तेल-तूप असलं, तर दोन गोष्टी होतात. रंग त्या तेलात विरघळतो. आणि तेल आतड्यात पोहोचलं की पित्ताशय आकसून पित्त सोडतं, ते पित्त तेलाचे अगदी बारीक कण करतं. त्या कणांत बसून रंगद्रव्य आतड्याच्या भिंतीतून आत जातं.

अमेरिकेत आयोवामध्ये 2004 साली हे तपासून पाहिलं. पालेभाजी, गाजर, टोमॅटोची तीच कच्ची कोशिंबीर त्याच माणसांना वेगवेगळ्या वेळी दिली. एकदा बिनतेलाची, एकदा 6 ग्रॅम तेलाची, एकदा 28 ग्रॅमची. बिनतेलाच्या वेळी रक्तात जवळजवळ काहीच उतरलं नाही. 6 ग्रॅमला उतरलं, 28 ला आणखी उतरलं. पण म्हणून वाटीभर तेल ओतू नका! 28 ग्रॅम म्हणजे सहाएक छोटे चमचे, एका कोशिंबिरीत. आपल्याला एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, घरगुती वापराला पुरतो.

आणि हे तेल चकत्यांवरच ओतायला हवं असंही नाही. त्याच जेवणात कुठं तरी असलं की झालं. ताटात फोडणीचं वरण असेल, वांग्याची तर्रीदार भाजी असेल, तर शेजारच्या गाजर-टोमॅटोचं काम भागतं. कोशिंबिरीत दोन चमचे कूट घातलं तरी भागतं. कूट बारीक कुटलेलं असल्यामुळे त्यातलं तेल मोकळं होतं. आपल्या आज्यांची कोशिंबीर या हिशेबात आधीच पास आहे. नापास होते ती चार वाजता नुसती खाल्लेली, वजन कमी करायला म्हणून, लिंबू पिळलेली वाटी. आणि लग्नातले ते टोमॅटोचे गुलाब. ते कुणी खातच नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही!

आता दुसरा भाग, शिजवण्याचा. कच्च्या टोमॅटोत लायकोपीन बारीक स्फटिकांच्या रूपात पेशींमध्ये कोंडलेलं असतं. नुसतं चावून ते सगळं सुटत नाही. उष्णतेनं पेशींच्या भिंती सैल होतात, रगडलं की फुटतात, आणि स्फटिक तेलाला भेटतात. शिवाय तापल्यावर लायकोपीनच्या सरळ रेणूंपैकी काही वाकतात, आणि हे वाकडे रेणू आतड्यातून सोपे आत जातात.

तुम्ही म्हणाल, हे शिजवण्यामुळं की तेलामुळं? चांगली शंका आहे. जर्मनीत 1992 साली टोमॅटोचा रस थोडं तेल घालून तासभर उकळून प्यायला दिला तेव्हा रक्तातलं लायकोपीन वाढलं. न उकळलेल्या रसानं वाढलं नाही. पुढं 1997 साली तिथंच ताज्या टोमॅटोबरोबर आणि आटवलेल्या गरासोबत तेवढंच तेल दिलं, तरी गरातून रक्तात पोहोचलेलं लायकोपीन कमाल पातळीला ताज्याच्या अडीचपट होतं. म्हणजे तेल सारखं असूनही शिजवणं-आटवणं वेगळा फायदा देतं.

किती वेळ शिजवायचं? कॉर्नेल विद्यापीठात टोमॅटो 88 अंशांवर तापवून पाहिले. दोन मिनिटांत मोकळं लायकोपीन निम्म्यानं वाढलं, पंधरा मिनिटांत कच्च्याच्या अडीचपटीच्या वर गेलं. अर्ध्या तासात त्यापुढं काही वाढलं नाही. उलट क जीवनसत्त्व जवळजवळ तीस टक्के कमी झालं. पंधरा मिनिटांत ही घट पंधरा टक्क्यांच्या आसपास होती. मामींचा पाव तास अगदी बरोबर होता. क जीवनसत्त्वासाठी वर लिंबू पिळा, नाहीतर कच्ची कोशिंबीर जोडीला ठेवा.

आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यात बाजारात येतात ते टोमॅटो कसे असतात? देठाकडे पिवळे, अंगाने नारिंगी. साधारण 30 अंशांच्या वर टोमॅटोत लायकोपीन नीट तयारच होत नाही, आणि परभणीचा उन्हाळा तर चाळिसाच्या पुढं. असा टोमॅटो कितीही शिजवला तरी नसलेली लाली येणार नाही. शिजवून जे आहे ते मोकळं होतं, नवीन तयार होत नाही. त्या दिवसांत कलिंगड खा. त्यातही लायकोपीन आहे, आणि ते कच्चंच अंगी लागतं.

मात्र टोमॅटोनं गाजराचं काम होत नाही. गाजराच्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व करतं, लायकोपीनपासून करत नाही. तेल दोघांना लागतं, एवढंच साम्य. आणि लायकोपीननं अमुक रोग बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा, रक्तात पोहोचलं हे कळलं, रोग बरा झाला हे कुठं कळलं?

मामांचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी चमचा दाखवून सांगितलं, दिवसाला असे चार. मामांनी तोच चमचा खुंटीला टांगला. सकाळी एक चमचा टोमॅटोच्या चटणीत, बाकीचे तीन मामी वाटतील तसे. डबा मात्र पुन्हा पांढरा झाला नाही. मामींनी तो दोन दिवस उन्हात ठेवला, डाग बराच उडाला, आणि तिसऱ्या दिवशी चटणी भरून परत लाल करून आणला मामांनी.