नागीण बरी झाली, आग मात्र राहिली

(दृश्य: पाठीवरून डाव्या कुशीत वळलेला, लालसर फोडांचा पट्टा. पट्टा छातीच्या मधोमध थांबतो.)

सातारा जिल्ह्यातील 68 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांच्या बाबतीत जे घडते, ते एकत्र करून हे उदाहरण रचले आहे. त्यांच्या डाव्या बरगड्यांखाली पहिले तीन दिवस केवळ आग होत होती आणि मधूनच सणक येत होती, मात्र त्वचेवर काहीही दिसत नव्हते. घरच्यांना हृदयाची शंका आली, ईसीजी काढला आणि तो नॉर्मल निघाला. पित्ताची गोळी, मग स्नायू आखडल्याचे निदान, मग मलम असे उपाय झाले. चौथ्या दिवशी सकाळी पाठीच्या कण्याजवळ लाल चट्टे दिसले, संध्याकाळपर्यंत त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले आणि शेजारच्या मावशींनी पाहताक्षणी सांगितले, "अहो, ही तर नागीण आहे."

निदान अचूक होते. त्यामागोमाग आलेला सल्ला मात्र चुकीचा होता. फोडांवर गेरू लावावा, नागीण उतरवणाऱ्या माणसाकडे जावे आणि तिचे तोंड व शेपूट एकमेकांना भिडण्याआधी ती थांबवावी, नाहीतर रोगी दगावतो, अशी समजूत गावोगावी आहे. नागिणीचा विळखा सहसा पूर्ण होत नाही हे निरीक्षण खरे आहे, पण त्याचे श्रेय मंत्राला नाही. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या संवेदना वेगवेगळ्या मज्जातंतूंकडून येतात. रोग यांपैकी बहुधा एकाच मज्जातंतूत जागा होतो आणि त्या मज्जातंतूची हद्द संपते तेथे, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेवर, पुरळही थांबते. गेरूने विषाणूवर काहीच परिणाम होत नाही, उलट लेपाखाली फोडांत पू झाला तर तो लवकर कळत नाही. त्याहून मोठे नुकसान म्हणजे या धावपळीत उपचाराचे पहिले तीन दिवस निघून जातात.

(दृश्य: पाठीच्या कण्याचे रेखाचित्र. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींचे छोटे पुंजके.)

मुळात हा विषाणू बाहेरून नव्याने आलेला नसतो. या शिक्षिकेला सात-आठ वर्षांच्या असताना कांजिण्या आल्या होत्या. त्या वेळी अंगभर आलेले फोड दोन आठवड्यांत वाळून गेले, पण व्हॅरिसेला-झोस्टर नावाचा तो विषाणू शरीरातून नाहीसा झाला नाही. संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींचे पुंजके मज्जारज्जूच्या शेजारी, तसेच चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी असतात. त्यांना गँग्लिऑन म्हणतात. विषाणूने तेथे मुक्काम केला आणि पुढील सहा दशके तो सुप्त राहिला. रक्तातील टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्याला डोके वर काढू देत नव्हत्या. वाढत्या वयाबरोबर या विशिष्ट टी-पेशींचा जोर ओसरतो; कर्करोगावरील औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड किंवा एचआयव्हीचा संसर्ग यांमुळे तो कमी वयातही ओसरू शकतो. असे झाले की एखाद्या पुंजक्यातील विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि मज्जातंतूच्या धाग्यावरून खाली उतरत त्वचेपर्यंत पोहोचतो. आधी दुखणे आणि नंतर पुरळ, हा क्रम यामुळेच दिसतो.

हे कोडे उलगडण्यात इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर गावच्या एडगर होप-सिम्पसन या साध्या जनरल प्रॅक्टिशनरचा वाटा मोठा आहे. त्यांनी आपल्या दवाखान्यात 16 वर्षांत आलेल्या नागिणीच्या 192 रुग्णांच्या नोंदी नेटाने ठेवल्या आणि 1965 साली त्या मांडताना, वय वाढते तसा हा रोग वाढतो आणि तो सुप्त विषाणू जागा झाल्यामुळेच होतो, असा तर्क केला. एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणूच्या डीएनएची तुलना 1984 साली प्रसिद्ध झाली. दोन्ही वेळचा विषाणू एकच असल्याचे तिने दाखवले. मोठ्या प्रयोगशाळेच्या आधी एका गावच्या डॉक्टरची वही योग्य उत्तराच्या इतक्या जवळ पोहोचावी, हे मला या रोगाच्या इतिहासातले सर्वांत लोभस पान वाटते.

नागिणीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. फोडांतील पाण्याशी संपर्क आला, तर ज्याला कांजिण्या कधीच झाल्या नाहीत आणि ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत पुरळ झाकून ठेवावे आणि घरातील गरोदर स्त्री व तान्हे बाळ यांना जपावे.

(दृश्य: दवाखाना. डॉक्टर कापसाचा बोळा रुग्णाच्या कुशीवरून अलगद फिरवतात. रुग्ण दचकते.)

आपल्या उदाहरणातील शिक्षिका डॉक्टरांकडे पोहोचल्या तेव्हा पुरळ उठून पाच दिवस झाले होते. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी औषधे साधारणपणे सात दिवस दिली जातात आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत ती सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. त्यानंतरही नवे फोड येत असतील तर डॉक्टर ती देतात, तशी ती यांनाही दिली. पुरळ कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण तोच मज्जातंतू डोळ्यालाही जातो आणि दृष्टी धोक्यात येऊ शकते.

चार आठवड्यांत त्यांच्या खपल्या पडल्या आणि फिकट डाग तेवढे उरले. आग मात्र गेली नाही. पुरळ उठल्यापासून तीन महिने उलटूनही राहणाऱ्या वेदनेला वैद्यकात पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. त्यांना ब्लाउजचे कापड त्या जागी टेकले तरी सहन होत नसे, पंख्याचा वारा लागला की कळ येई, आणि गंमत अशी की त्याच जागी टाचणी टोचलेली काही ठिकाणी कळतही नसे. एकाच हातभर जागेत बधिरपणा आणि असह्य संवेदना एकत्र नांदतात हे ऐकून नातेवाईक बहुधा रुग्णावर अविश्वास दाखवतात. प्रत्यक्षात मज्जातंतूलाच इजा झाल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण आहे.

विषाणू त्वचेकडे उतरताना ज्या वाटेने जातो, तिची तो नासधूस करतो. गँग्लिऑनमध्ये सूज येते, काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे त्वचेपर्यंत गेलेले धागे झडतात. म्हणून तेथे बधिरपणा येतो. जे धागे वाचतात, त्यांतले काही इतके हळवे होतात की कोणी स्पर्श केलेला नसतानाही ते आपणहून वेदनेचे संदेश पाठवत राहतात. तिसरा बदल मज्जारज्जूच्या आत होतो. आठवडेच्या आठवडे वेदनेच्या संदेशांचा मारा झाल्यामुळे तेथील पेशींची संवेदनशीलता वाढते आणि एरवी केवळ स्पर्श म्हणून नोंदले जाणारे संदेशही त्या वेदना म्हणून मेंदूकडे धाडू लागतात. अशा दीर्घ वेदनेच्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूचा त्या बाजूचा भाग आक्रसलेला आढळला आहे. त्वचा बरी झाली म्हणजे रोग संपला हा अंदाज येथे चुकतो, कारण बिघाड त्वचेत राहिलेलाच नसतो.

पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा येथे फारसा उपयोग होत नाही तो याच कारणाने. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन यांसारखी मज्जातंतूंवर काम करणारी औषधे अगदी लहान मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात. वृद्धांना त्यांमुळे गुंगी येते, तोल जातो आणि रात्री लघवीला उठताना पडून हाड मोडण्याचा धोका असतो, त्यामुळे घाई करता येत नाही. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी काहींना उपयोगी पडते. यांतील कोणतेही औषध मेलेल्या चेतापेशी परत आणत नाही. वेदना निम्म्यावर आली तरी डॉक्टर त्याला यश मानतात. सुरुवातीची विषाणूविरोधी औषधे पुरळ लवकर बरे करतात, पण ही दीर्घ वेदना ती खात्रीने टाळतात असे सिद्ध झालेले नाही. लसीचा विचार का करायचा, याचे खरे उत्तर या मर्यादेत आहे.

(दृश्य: लसीची कुपी आणि दंडावर दिले जाणारे इंजेक्शन.)

आज वापरात असलेल्या शिंग्रिक्स या लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या पृष्ठभागावरचे ग्लायकोप्रोटीन ई हे एकच प्रथिन तिच्यात असते आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्तीला जोराने जागे करणारे मिश्रण असते, ज्यातील एक घटक चिलीतील सोपबार्क झाडाच्या सालीतून मिळवतात. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दंडाच्या स्नायूत दिले जातात. पन्नाशीपुढच्या लोकांवरील मोठ्या चाचणीत नागीण होण्याचे प्रमाण सुमारे 97 टक्क्यांनी आणि सत्तरीपुढच्यांत सुमारे 90 टक्क्यांनी घटले. अमेरिकेत ही लस 2017 पासून आहे आणि भारतात 2023 पासून मिळते. ती सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही, आणि खासगीत दोन डोसांचा खर्च अनेक पेन्शनरांना परवडण्यासारखा नाही, हे मान्यच केले पाहिजे.

मग तो खर्च कोणी करावा? साधा हिशेब मांडू. सत्तरीतील हजार माणसांत वर्षाला साधारण दहा जणांना नागीण होते असे धरले, तर दहा वर्षांत शंभर जणांना ती होईल आणि त्यांतील दहा ते अठरा जण दीर्घ वेदनेत अडकतील. लसीचे संरक्षण काळाबरोबर थोडे घटते हे गृहीत धरून शंभरातील ऐंशी जण जरी वाचले, तरी दीर्घ वेदनेचे रुग्ण दोन-चारांवर येतात. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील नोंदींवरून घेतलेले आहेत, तरी हिशेबाची दिशा स्पष्ट आहे: वय जितके जास्त, तितका लाभ मोठा. निरोगी पंचावन्नाव्या वर्षी लस घेणे योग्यच आहे, पण घरात एकाच व्यक्तीचा खर्च झेपत असेल, तर तो सत्तरीतील आजोबा-आजींवर आधी करावा असे माझे मत आहे.

दुसरा गट वयाचा नसून प्रतिकारशक्तीचा आहे. संधिवातासाठी टोफासिटिनिबसारखी औषधे सुरू होणार असतील, केमोथेरपी ठरली असेल किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाची प्रतीक्षा असेल, तर वयाच्या अठराव्या वर्षापासूनही अमेरिकेत या लसीची शिफारस आहे. शक्य असल्यास उपचार सुरू होण्याआधी ती घ्यावी, कारण प्रतिकारशक्ती दाबली गेल्यावर लसीला मिळणारा प्रतिसादही कमी होतो. अशांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांत दिला जातो.

लसीनंतर दंड चांगलाच दुखतो, अनेकांना थकवा, अंगदुखी किंवा ताप येतो आणि दोन-तीन दिवसांत तो उतरतो. त्या त्रासाला घाबरून दुसरा डोस टाळू नये. गुलियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा गंभीर आजार अत्यंत क्वचित, दहा लाख डोसांमागे काही थोड्या व्यक्तींना होत असल्याचे नोंदले गेले आहे. गरोदरपणात ही लस पुढे ढकलतात. ज्यांना कांजिण्या कधीच झाल्या नाहीत, त्यांना कांजिण्यांची लस लागते. ही लस त्यासाठी नाही.

आपल्या शिक्षिकेने डॉक्टरांना विचारले, "मला एकदा होऊन गेली, मग आता लस कशाला?" डॉक्टरांनी सांगितले की नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून पुरळ पूर्ण बरे झाल्यावर लस घेता येते, मात्र आता जी आग चालू आहे ती या लसीने कमी होणार नाही. त्या आगीसाठी प्रीगॅबालिनची मात्रा दर आठवड्याला तपासून वाढवायचे ठरले आणि लसीचा पहिला डोस त्यांच्या 74 वर्षांच्या यजमानांना त्याच दिवशी दिला गेला.