पुड्याची मागची बाजू

[दृश्य : किराणा दुकान. फळीवर रचलेले बिस्किटांचे पुडे. कॅमेरा गव्हाच्या लोंबीच्या चित्रावर थांबतो.]

"काका, साधं नको, ते पौष्टिकवालं द्या. ह्यांना शुगर आहे." काउंटरवर उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. काकाही न विचारता हात वरच्या फळीकडे नेतात. तपकिरी पुडा, त्यावर सोनेरी लोंबी आणि ठळक अक्षरात 'हाय फायबर'. किंमत अर्थातच साध्या बिस्किटापेक्षा जास्त.

[दृश्य : पुडा उलटा होतो. भिंग. बारीक अक्षरं मोठी होत जातात. कंपनीचं नाव चिकटपट्टीखाली.]

नमुन्यादाखल घेतलेल्या या पुड्याचं नाव झाकलं आहे, कारण एका कंपनीशी आपलं भांडण नाही. फळीवरच्या इतर पुड्यांच्या याद्याही अशाच वळणाच्या असतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी, असा नियम आहे. बिस्किट करताना जे सर्वांत जास्त पडलं, ते सर्वांत आधी. इथे पहिलं नाव आहे 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', म्हणजे मैदा. ४२ टक्के. त्यानंतर पामतेल. पुढच्या बाजूची लोंबी जिच्यासाठी काढली, ती कणीक तिसऱ्या नंबरवर आहे. १६ टक्के.

हा आकडा कंपनीने आपणहून दिलेला नाही. ज्या घटकाचं चित्र किंवा नाव मिरवायचं, त्याची टक्केवारी यादीत छापावीच लागते. म्हणून पुढे ओट्स, नाचणी, 'मल्टिग्रेन' असं काही दिसलं, की त्या शब्दाचा मागचा आकडा शोधायचा.

[दृश्य : परातीत मैदा. वरून चमचाभर कोंडा पडतो. शेजारी जात्यावरचं पीठ.]

मग 'हाय फायबर' खोटं आहे का? नाही, आणि खरी मेख इथेच आहे. १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू भरले की हा दावा करता येतो. या पुड्यावर ६.२ आहेत. यादीत पुढे पाहा : गव्हाचा कोंडा, साडेसहा टक्के. आधी गव्हातून कोंडा आणि अंकुर काढून मैदा केला, मग त्यात कोंडा वेगळा आणून मिसळला. तंतू आले, पण अंकुर काही परत आला नाही. अख्खा गहू तो नव्हेच.

तपकिरी रंगावरही जाऊ नका. भट्टीत साखर आणि पिठातली प्रथिनं मिळून तो रंग आणतात. कधी कॅरमेलचा रंगही घातलेला असतो, तो यादीत १५० या आकड्याने ओळखावा.

[दृश्य : बोट यादीवरून खाली सरकतं. पेन्सिलीने तीन शब्दांभोवती गोल.]

आता साखर. कणकेच्या खाली 'शुगर', तिच्याखाली 'इन्व्हर्ट सिरप', आणखी खाली 'लिक्विड ग्लुकोज'. तिन्ही गोडच. एकाच नावाने लिहिली असती तर वर सरकली असती. तीन नावांत वाटली की प्रत्येक जण खालच्या पायरीवर बसतो.

ही बेरीज करून देणारी ओळ पोषणाच्या तक्त्यात आहे : 'ॲडेड शुगर'. इथे १०० ग्रॅममागे १९ ग्रॅम. कणीक १६, साखर १९. पिठाची टक्केवारी कच्च्या मालाची असते आणि साखर भाजलेल्या बिस्किटातली, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. पण भाजताना पाणी उडतं, हे धरलं तरी कणीक १७ च्या आसपासच पोचते.

काही याद्यांत माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड. ते मात्र या ओळीत धरलं जात नाही. ते पिष्टमय पदार्थांत मोजतात. रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवतं.

[दृश्य : वजनकाटा. बशीत दोन बिस्किटं. मग आणखी चार.]

तक्त्यात शेवटी 'पर सर्व्ह' असतं. इथे सर्व्ह म्हणजे दोन बिस्किटं, २५ ग्रॅम. त्यात घातलेली साखर पावणेपाच ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या ५० ग्रॅमच्या मर्यादेपैकी दहा टक्क्यांच्या आत. वाचायला बरं वाटतं. पण चहाबरोबर दोनवर कोण थांबतं? सकाळी तीन, संध्याकाळी तीन, झाली ७५ ग्रॅम बिस्किटं. त्यांत घातलेली साखर १४ ग्रॅम.

[दृश्य : काट्यावर साखर. एक चमचा. दुसरा. तिसरा. काटा १४ वर.]

मधुमेह असलेल्या माणसाच्या हिशेबात हे चमचे बहुधा धरलेलेच नसतात. हे मागे न शोधता पुढेच कळावं म्हणून २०२२ साली एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने पदार्थ किती पौष्टिक ते सांगणारे तारे पुढच्या बाजूला छापण्याचा मसुदा आणला होता.

[दृश्य : स्वयंपाकघर. आजोबा चष्मा पुसतात, पुडा खिडकीपाशी नेतात, डोळ्यांपासून लांब धरतात, जवळ आणतात. निवेदन नाही. चहाच्या कपाचा आवाज.]