आधी फोटो, मग फोन, मग गॅरेज

नमस्कार श्रोतेहो. गाडी ठोकली तर विम्याचा कॅशलेस क्लेम, म्हणजे कंपनी थेट गॅरेजला पैसे देते तो, कसा घ्यायचा ते आज बघू. आमच्या शेजारच्या वहिनी गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला येत होत्या. खेड शिवापूरजवळ पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि वहिनींची गाडी त्याला धडकली. टेम्पोला ओरखडाही नाही, कुणाला लागलं नाही, त्यामुळे पोलिसांपर्यंत जायची वेळ आली नाही. पण गाडीचा बंपर लोंबकळला आणि फेंडर चाकाला घासायला लागला. (पुढे लोखंडी गार्ड असता तर वाचली असती, असं एक जण म्हणालाच. मला ती हौस अजिबात पटत नाही. ते गार्ड बेकायदा आहेत, आणि पादचाऱ्याच्या जिवावर उठतात.)

वहिनींनी आधी नंबरप्लेट दिसेल असे चारही बाजूंनी फोटो काढले. मग तिथूनच विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला आणि पुण्यातलं नेटवर्क गॅरेज, म्हणजे कंपनीशी करार असलेलं गॅरेज, कोणतं ते विचारलं. तेवढ्यात एक मेकॅनिक आला. "ताई, दहा मिनिटांत पत्रा ओढून देतो."

"नको दादा, सर्व्हे होईपर्यंत हात लावू नका."

हे लक्षात ठेवा: सर्व्हे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हेअरने केलेली नुकसानीची पाहणी, होईपर्यंत काहीही उघडायचं नाही, ठोकायचं नाही. पत्रा आधीच ओढला, तर नुकसान या धडकेचं की जुनं, हे सर्व्हेअरला कळणार कसं?

गाडी टो करून गॅरेजला गेली. आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि भरलेला क्लेम फॉर्म दिला. लायसन्स गाडी चालवणाऱ्याचं लागतं, मालकाचं नव्हे. गॅरेजने मागच्या दाराचा जुना पोचाही एस्टिमेटमध्ये घातला होता. सर्व्हेअरने तो काढून टाकला. कंपनीची मंजुरी आल्यावरच काम सुरू झालं.

बिल झालं 22,000. कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे, बरं का! गाडी साडेतीन वर्षांची, सुट्या भागांच्या झिजेपोटी कापली जाणारी घट भरून देणारं झिरो डेप कव्हर घेतलेलं नव्हतं. बंपर 6,000 चा. प्लॅस्टिकला निम्मी घट, म्हणजे 3,000 वहिनींचे. फेंडर 4,000 चा. या वयाच्या पत्र्याला 25 टक्के, म्हणजे 1,000. रंगकाम 8,000, त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे आपले, म्हणजे आणखी 1,000. मजुरी 4,000, ती पूर्ण कंपनीची. वर प्रत्येक क्लेमला आपणच भरायची सक्तीची वजावट 1,000; 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढीच असते. वहिनींनी 6,000 भरले, 16,000 कंपनीने थेट गॅरेजला दिले.

मात्र क्लेम घेतला की क्लेम न घेतलेल्या वर्षांसाठी हप्त्यात मिळणारा नो क्लेम बोनस शून्यावर येतो. वहिनींना नूतनीकरणाला 45 टक्के सूट मिळाली असती. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 8,000 धरला तर 3,600 गेले. 16,000 साठी ते परवडलं. नुसता बंपर गेला असता, तर कंपनीकडून मिळाले असते जेमतेम दोन-अडीच हजार. तेव्हा खिशातूनच भरलेलं बरं.