‘आठ दहा’ ते ‘अपडाउन’

मंडळी, मी अकरा वर्षं बडोदा-अहमदाबाद रोज जाऊन येऊन नोकरी केली आणि त्याच्यावरच एक तासाचा स्टँडअप शो बसवला, तर आज मला फक्त त्या शोच्या नावाबद्दल बोलायचंय, कारण शो लिहायला लागला त्याच्या निम्मा वेळ नावानेच खाल्ला.

पहिलं नाव होतं ‘आठ दहा’. आमची गाडी आठ दहाची, सगळं आयुष्य त्या आठ दहावर टांगलेलं, म्हणून मला ते फार जवळचं वाटायचं. दांडिया बाजारात एका छोट्या हॉलमधे पहिला प्रयोग ठेवला, शो साडेआठचा, तर निम्मे लोक आठ दहाला येऊन बसले! पोस्टरवर आकडा दिसला की माणूस तो शोची वेळ म्हणूनच वाचतो. आणि फोनवर तर आणखी गोंधळ, आपल्याकडे ‘आठ-दहा’ म्हणजे साधारण तेवढे, आठ-दहा लोक, आठ-दहा रुपये. एका मावशींनी बहिणीला सांगितलं की आठ-दहा जणांचा कार्यक्रम आहे, तेव्हा मला कळलं की हे नाव गेलं.

तेव्हापासून मी नाव तपासायची एकच रीत ठेवली. ओपन माइकला पाच मिनिटं करायची, जाताना नाव एकदाच सांगायचं, आणि दोन दिवसांनी आलेल्यापैकी कोणाला तरी विचारायचं की घरी काय सांगितलंस, कशाला गेला होतास? नाव आवडलं का असं विचारायचं नाही, समोरासमोर सगळे हो म्हणतात. ‘सोमवार’ ठेवलं तेव्हा लोकांनी घरी सांगितलं की ऑफिसवर काहीतरी होतं. म्हणजे नावातून ऑफिस पोचलं, प्रवास पोचलाच नाही, आणि माझा निम्म्याहून जास्त शो गाडीत आहे. पासवाल्यांचा ठरलेला डबा, उभ्याने झोपायची सवय, नडियादला उतरणाऱ्या माणसाची सीट कोणी आणंदपासूनच बोलून ठेवलीय ते, हे सगळं. ‘विंडो सीट’ चांगलं होतं, पण शोधलं तर त्या नावाच्या इतक्या गोष्टी निघतात की आपला शो कोणाला सापडणारच नाही.

‘अपडाउन’ हे नाव आलं ते आमच्या आईच्या तोंडून. शेजारच्या काकूंनी विचारलं मुलगा काय करतो, आई म्हणाली, अपडाउन करतो. नोकरी कसली, कंपनी कुठली, काही नाही, फक्त अपडाउन करतो, आणि काकूंना सगळं समजलं. बडोद्यात मराठी घरात काय नि गुजराती घरात काय, शब्द तोच, म्हणून पोस्टर गुजरातीत छापलं तरी नाव बदलावं लागत नाही.

आणि त्या शब्दात एक गोष्ट लपलेली आहे जी रोज जाणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते. आपल्या या लाईनवर मुंबईच्या दिशेने जाणारी गाडी अप आणि मुंबईकडून लांब जाणारी डाउन. म्हणजे बडोद्याहून अहमदाबादला कामाला निघालेला माणूस सकाळी डाउन जातो आणि संध्याकाळी घराकडे अप येतो. अंकलेश्वरच्या केमिकल फॅक्टरीत जाणाऱ्याचं बरोबर उलटं, तो सकाळी अप, घरी येताना डाउन. हे मी पहिल्या चार मिनिटांत सांगतो आणि मग हॉलमधे विचारतो की तुम्ही ऑफिसला चढता का उतरता, तिथून प्रमोशन, अप्रेजल, सगळं सुरू होतं. नावाने ही गंमत आधी फोडली नाही हे महत्त्वाचं. ‘डाउन जाऊन अप’ असंही एक नाव सुचलं होतं, त्यात हसं पोस्टरवरच संपतं आणि स्टेजवर मला काही उरत नाही, म्हणून ते मी लगेच टाकून दिलं.

अडचण दोन ठिकाणी आली. एक, शब्द इतका सगळ्यांचा आहे की नुसता शोधला तर रेल्वेचं टाइमटेबल आणि शेअरबाजारच वर येतो, शिवाय कोणी अपडाउन लिहितं, कोणी अपडाऊन, कोणी मधे रेघ देतं. दोन, मुंबईत प्रयोग ठरला तेव्हा तिथल्या आयोजकांना वाटलं मूडवर काहीतरी आहे, कारण त्यांच्याकडे ‘लोकलने जातो’ म्हणतात, अप-डाउन ही नुसती रेल्वेची लाईन. दोन्हीला उपाय एकच निघाला, खाली छोटी ओळ: ‘शंभर किलोमीटरची नोकरी’. बडोदा-अहमदाबाद साधारण तेवढंच अंतर आहे, ऑफिस आणि प्रवास दोन्ही त्यात येतं, आणि हे शब्द एकत्र कोणी सहसा टाइप करत नाही म्हणून शोधताना आपणच सापडतो. स्पेलिंग मी एकच धरलंय, रेघ न देता, तिकिटावर, पोस्टरवर, सगळीकडे.

बडोद्यात मोठ्या अक्षरात अपडाउन आणि खाली बारीक ती ओळ. मुंबईच्या पोस्टरवर दोन्ही ओळी सारख्याच मोठ्या छापल्या, आणि यावेळी आयोजकांनी फोनवर विचारलं, रोज शंभर किलोमीटर, खरंच?