कुणाची गो तू?

(दृश्य: डिचोलीतलं कौलारू घर, चवथीचा आदला दिवस. ओसरीवर माटोळीसाठी आणलेली फळं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस.)

आपल्याकडे नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, कुणाची गो तू? डिचोलीच्या या मुलीला उत्तर द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आजोबांचं नाव, वाडा, देऊळ, मामाचं गाव, आणि समोरचा म्हणतो, हां हां, म्हणजे तू अमक्याची नात. झालं, ओळख पटली. वेर्ण्याच्या औषध कंपनीत पहिली नोकरी लागली तीसुद्धा अशीच, मावशीच्या शेजारचा कुणीतरी तिथे होता आणि त्याने सांगितलं की जागा निघालीये, अर्ज टाक.

ही मुलगी तिथे क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये सहा वर्षं होती. मग जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या एका कंपनीत तिला काम मिळालं आणि ती गेली, एकटीच. इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या गोंयकारांना निदान आजूबाजूला आपली माणसं भेटतात, दुकानात कोकणी ऐकू येते. तिच्या गावात तसं काहीच नव्हतं. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून आम्ही नुसतं बाय म्हणतोय.

करार होता दोन वर्षांचा. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जर्मनीत कंपनीला काहीही कारण न देता मुदतीचा करार करता येतो, पण जास्तीत जास्त दोन वर्षं, त्यानंतर एकतर कायम करा नाहीतर सोडा. आणि करार संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात जाऊन मी नोकरी शोधतेय अशी नोंद करावी लागते. म्हणजे बायच्या हातात खऱ्या अर्थाने एकवीस महिने होते, आणि एवढ्यात तिथल्या कुणाला तरी ती माहीत असायला हवी होती.

(दृश्य: बाय पाटावर बसून नेवऱ्या वळतेय, आई शेजारी सारण घालतेय.)

पहिल्या दोन महिन्यांत तिने जे केलं ते आपल्यापैकी बहुतेक जण करतात. लिंक्डइनवर साठेक लोकांना मेसेज पाठवले, त्या भागातल्या औषध कंपन्यांमधल्या, सगळ्यांना जवळजवळ एकच मजकूर, मी अमुक, इतका अनुभव, काही ओपनिंग असेल तर प्लीज रेफर करा. उत्तर आलं चौघांचं, चौघंही भारतीय. तिला वाटलं लोक थंड आहेत, तुटक आहेत. आज तिला विचारलं तर ती म्हणते की थंडपणाचा प्रश्नच नव्हता, ओळख नसलेल्या माणसासाठी स्वतःचं नाव पुढे करायचं म्हणजे तिकडे मोठी गोष्ट आहे, आणि मी ती पहिल्याच मेसेजमध्ये मागत होते.

ऑफिसातही असंच काहीतरी अडकत होतं. मीटिंग इंग्लिशमध्ये, पण चहा-कॉफीच्या खोलीत सगळे जर्मनवर, आणि ती कप घेऊन परत टेबलावर. तिथे नवीन माणसाने पहिल्या काही आठवड्यांत स्वतःहून काहीतरी खायला आणायचं असतं, आईनश्टांड म्हणतात त्याला, कुणी सांगत नाही, कुठल्या कागदावर नसतं. तिला हे पाचव्या महिन्यात कळलं, शेजारच्या टेबलावर नवीन आलेल्या मुलाने केक ठेवला तेव्हा. वाढदिवसाचंही तसंच, ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, आपण पेढे वाटतो तसंच की. पण एक फरक तिला महागात पडला. एका बाईंचा वाढदिवस रविवारी होता, बायने शुक्रवारीच निघताना हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या, आणि त्या बाईंचा चेहरा पडला. तिकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुन मानतात. आपण आधी दिल्या तर उलट लोक खूश होतात, लक्षात ठेवलंस म्हणून.

आणि ते डू आणि झी. आपलं तू आणि तुम्ही, पण नेमकं तसंच नाही. आपल्याकडे वयाने लहान असेल तर पहिल्या दिवसापासून तू. तिकडे मोठ्या माणसांमध्ये झीपासून सुरुवात, आणि डूवर यायचं ठरवतो तो वयाने किंवा पदाने मोठा माणूस, तो तसं बोलून दाखवतो, आपण डू म्हणूया का. आपण आपल्या मनाने सुरू करायचं नाही. आता बऱ्याच कंपन्यांत सरसकट डू आहे, म्हणून पहिल्या दिवशी लोक एकमेकांना काय म्हणतात ते ऐकायचं आणि तोपर्यंत झी धरून राहायचं, हे तिचं म्हणणं.

(दृश्य: फोनवरचे फोटो. एका हॉलमध्ये अर्धवर्तुळात उभे असलेले लोक, हातात स्वरलिपीच्या फायली.)

खरी गाठ सुटली ती गाण्याने. बाय लहानपणापासून देवळात भजनाला बसणारी, आजोबांबरोबर. तिच्या जर्मन क्लासच्या शिक्षिकेने सांगितलं की गावात एक कोर आहे, म्हणजे समूहगायनाचा ग्रुप, जाऊन बघ. हा कोर म्हणजे फेरआईन, नोंदणीकृत मंडळ. जर्मनीत अशी सुमारे ६ लाख मंडळं आहेत, फुटबॉलची, बागकामाची, गाण्याची, नोंदणीला किमान सात सभासद लागतात, घटना असते, वर्षाची वर्गणी असते, खजिनदार असतो. माणसं माणसांना भेटतात ती इथे. घरी बोलावणं खूप उशिरा येतं, पण दर मंगळवारी संध्याकाळी तीच चौतीस माणसं समोर दिसतात आणि वर्षभर दिसत राहतात. आणि मंडळात पहिल्या दिवसापासून सगळे डू.

तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती. कानाने उचलायची, शेजारच्या बाईच्या आवाजाला धरून. ती शेजारची बाई पुढे महत्त्वाची ठरली.

पण त्याआधी एक चूक, आणि मला वाटतं ही सगळ्यात शिकण्यासारखी आहे. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला शनिवारी सकाळी खुर्च्या मांडायला कोण येणार म्हणून यादी फिरली. बायला नक्की माहीत नव्हतं जमेल की नाही, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने आपलं हो हो येते म्हटलं, जसं आपण लग्नाच्या आमंत्रणाला म्हणतो, येतो हां नक्की, आणि दोघांनाही ठाऊक असतं की बघू. शनिवारी ती गेली नाही. कुणी रागावलं नाही, कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या वेळी यादी तिच्यापाशी आली तेव्हा शेजारणीने ती सरळ पलीकडच्या माणसाकडे दिली.

तिला तीन आठवडे कळलंच नाही काय झालं. मग तिने शेजारणीलाच विचारलं, आणि उत्तर स्पष्ट मिळालं, तू हो म्हणालीस म्हणून आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, आणि सकाळी दोन माणसं कमी पडली. नाही म्हणाली असतीस तर काहीच बिघडलं नसतं. तिकडचं हो म्हणजे वहीत लिहिलेलं हो, आणि आधी कळवून नाही म्हणणं हा सभ्यपणा. पुढच्या मंगळवारी बायने स्वतःहून सांगितलं की चूक झाली, आणि हिवाळ्याच्या बाजारात मंडळाच्या स्टॉलवर चार तास उभं राहायचं नाव लिहिलं, थंडीत, आणि उभी राहिली. आपल्याकडे जत्रेच्या आदल्या रात्री मांडवाचा बांबू धरायला जो येतो तो आपला वाटतो ना, तसंच ते. त्यानंतर यादी परत तिच्या हातात यायला लागली.

आता शेजारणीचं. तालमीनंतर काही जण कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसायचे, तिथे सातआठ महिन्यांनी कळलं की ही बाई दुसऱ्या एका औषध कंपनीत क्वालिटीमध्येच आहे. बाय म्हणते, तेव्हा माझ्या मनात आलं, आत्ताच बोलू, करार संपायला सात महिने राहिलेत. पण तिने नोकरी मागितली नाही. तिने कामाचा प्रश्न विचारला. युरोपात औषधाची प्रत्येक बॅच बाजारात सोडायची सही कायद्याने ठरलेल्या पात्रतेच्या माणसाचीच लागते, आणि बायच्या भारतीय डिग्रीवर ती सही तिला करता येणार नव्हती. मग तिने विचारलं, त्या सहीच्या आधीची कामं तुमच्याकडे कोण करतं, बॅचमध्ये काही वेगळं घडलं तर त्याची चौकशी कोण लिहितं, आणि वेर्ण्याला मी हेच सहा वर्षं केलंय तर तिथे माझ्यासारखीला कुठल्या नावाची जागा असते. बाईने वीस मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाली, गुरुवारपर्यंत मला तुझा सीव्ही मेल कर. बायने बुधवारी केला.

इथे आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो, तो सांगायलाच हवा. हा वशिला नव्हे. अर्ज पोर्टलवरूनच करावा लागला, सगळी सर्टिफिकेटं जोडून, दोन मुलाखती झाल्या. मग ओळखीचा उपयोग काय झाला? तिकडे कंपनीत कामगारांची निवडलेली समिती असते, आणि ती मागणी करू शकते की रिकामी जागा आधी कंपनीच्या आतल्या लोकांना दाखवा. त्यामुळे जागा बाहेर दिसण्याआधी आतल्या माणसांना माहीत असते. बायला दोन आठवडे आधी कळलं, जागेचं नेमकं नाव कळलं, आणि अर्जाच्या पत्रात त्या बाईशी बोलणं झाल्याचं लिहिता आलं. ते लिहू का म्हणून तिने आधी परवानगी विचारली होती, न विचारता कुणाचं नाव टाकलं तर झालेली ओळख तिथेच संपते.

याला मर्यादाही आहे. या सगळ्याला सव्वा वर्ष लागलं, आणि त्याआधी रोज संध्याकाळचं जर्मन. ती भाषा नसती तर बारमधली ती वीस मिनिटं झालीच नसती. ज्याचा करार सहा महिन्यांत संपतोय त्याला कोरमधून नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही.

(दृश्य: संध्याकाळ. माटोळी बांधून झालीये. बाय डबा भरतेय.)

आज मंगळवार. फोन हातात घेऊन ती मंडळाच्या ग्रुपवर लिहितेय की या आणि पुढच्या मंगळवारी मी नाही, गावी आहे. महिन्याभरापूर्वी सांगितलंय, तरी परत.

आई विचारते, किती घालू? चाळीस, ती म्हणते, चौतीस आणि वर थोड्या. तळायला खोबरेल तेल, तूप नको, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. मग ती एका कागदावर जर्मनमध्ये लिहायला घेते, गहू, खोबरं, तीळ, काजू. तिकडे टेबलावर खाणं ठेवलं की बाजूला ही चिठ्ठी ठेवायची, कुणाला काय चालत नाही ते ज्याचं त्याने बघावं म्हणून.

आई चिठ्ठी उचलून बघते, वाचता येत नाही, आणि तशीच डब्याच्या झाकणाखाली ठेवून देते.