मधले दोन हायफन

(दृश्य: स्प्रेडशीटचा एक रकाना. खालपर्यंत सलग तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांचे ओळख क्रमांक.)

या प्रत्येक क्रमांकात चार हायफन घालायचे आहेत. पहिला 978 किंवा 979 नंतर पडतो आणि शेवटचा अखेरच्या तपासणी अंकाच्या आधी, त्यात डोकं घालावं लागत नाही. घोळ होतो तो मधल्या दोघांचा. देश किंवा भाषा सांगणाऱ्या गटाचा क्रमांक एक ते पाच अंकी असू शकतो आणि प्रकाशकाचा त्याहूनही लांब, म्हणून त्यांची जागा दर ओळीला सरकते.

घाईत असलेला माणूस एक बरोबर नमुना उचलतो, समजा 978-0-306-40615-7, आणि तेच माप रकानाभर खाली ओढतो. मग 9788172234980 चं होतं 978-8-172-23498-0. दिसायला नीटनेटकं, पण 978 खाली नुसता 8 असा गटच नाही. तपासणी अंक ही चूक पकडत नाही, कारण त्याच्या हिशेबात हायफन येतच नाहीत.

(दृश्य: पडद्यावर एक्सएमएल फाइल उघडते.)

खरी जागा सांगते ती आंतरराष्ट्रीय आयएसबीएन संस्थेची RangeMessage.xml ही फाइल. तोच क्रमांक घेऊ. 978 नंतर 81 आहे. 80 ते 94 हे गट दोन अंकी, म्हणून दुसरा हायफन 81 च्या पुढे. आता 81 च्या तक्त्यात पुढचे सात अंक शोधायचे: 7223498. ते या ओळीत बसतात:

```
<Range>7000000-8499999</Range>
<Length>4</Length>
```

म्हणजे प्रकाशकाचे अंक चार, 7223. उरलेले 498 पुस्तकाचे. तयार झालं 978-81-7223-498-0.

गटाचा तक्ता 978 चा की 979 चा, हे मात्र आधी बघायचं. 979 खाली 8 हा स्वतंत्र एक अंकी गट आहे. तिथे 80 ते 94 चा नियम लावला की पुढचं सगळं घसरतं. Length शून्य असेल तर तो पट्टा अजून वाटलेलाच नाही. अशा क्रमांकात अंदाजाने हायफन घालू नये. बहुधा टंकनातच चूक असते. पुस्तक हातात घेऊन बघावं.

स्प्रेडशीटचाही स्वतःचा खोडसाळपणा असतो. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवला नाही, तर जुन्या दहा अंकी 0306406152 चं पहिलं शून्य गळतं आणि तेरा अंकी क्रमांक 9.78817E+12 असा दिसू लागतो.

लांबी मोजताना हायफन काढूनच मोजावी. 0-306-40615-2 यात हायफन धरून तेरा चिन्हं भरतात, आणि दहा अंकी क्रमांक तेरा अंकी म्हणून बिनबोभाट पुढे सरकतो.

(दृश्य: दोन रकाने शेजारी शेजारी.)

शेवटी नव्या रकान्यातले हायफन काढून तो मूळ रकान्याशी ताडून बघायचा. जिथे फरक निघेल, तिथे एखादा अंक वाटेत गळलेला असतो.