परीक्षेचा फॉर्म राहिला, आता प्राचार्यांना काय लिहायचं?

श्रोते हो, नमस्कार. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसलो. दिवाळीच्या आधीची सत्र परीक्षा जवळ आली की खिडकीशी एक वाक्य हमखास ऐकू यायचं, "साहेब, पोरगी दवाखान्यात होती की, फॉर्म राहिला. प्राचार्यांना अर्ज दिला तर बसवतील का परीक्षेला?" आज या अर्जाबद्दलच बोलतो.

प्राचार्य 'बसवत' नाहीत, हे आधी सांगतो. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. परीक्षा अर्जाच्या तारखा केगावला विद्यापीठात ठरतात आणि मुदत संपल्यावर अर्ज घ्यायचा की नाही, हेही तिथल्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे ठरतं. प्राचार्य काय करू शकतात? तुमचा अर्ज खरा आहे, हा विद्यार्थी आमचा आहे, असं लिहून शिफारशीसह तो पुढे पाठवू शकतात. म्हणून "मला परीक्षेस बसण्याची परवानगी द्यावी" एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. प्राचार्यांच्या हातात नसलेली गोष्ट त्यांच्याकडे मागितलेली असते. "माझा अर्ज विशेष बाब म्हणून स्वीकारण्यासाठी विद्यापीठाकडे शिफारस करावी" असं लिहिलं, की त्याच कागदावर प्राचार्य शेरा मारू शकतात आणि त्याच दिवशी पत्र जोडून तो पुढे जातो.

बारावीचा विद्यार्थी असेल तर मार्ग असाच, फक्त प्राचार्यांमार्फत अर्ज पुण्याच्या विभागीय मंडळाकडे जातो. सोलापूर जिल्हा त्या विभागात येतो.

आता मुदत म्हणजे काय ते बघू. परीक्षा अर्जाला सहसा एकच तारीख नसते. आधी नियमित शुल्काची तारीख असते, मग विलंब शुल्काची, आणि काही वेळा त्यानंतर अतिविलंब शुल्काची. त्यामुळे "मी दहा तारखेला आजारी होतो" हे सिद्ध करून काम भागत नाही. शेवटची तारीख उलटेपर्यंत तुम्ही अर्ज भरू शकत नव्हता, हे कागदांवरून दिसायला हवं. बहुतेक अर्ज अडतात ते इथेच.

एक उदाहरण घेऊ. समजा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आहे. रोज अक्कलकोटहून एसटीनं येते. तिसऱ्या सत्राचे परीक्षा अर्ज 1 सप्टेंबरला सुरू झाले. नियमित मुदत 10 तारखेपर्यंत, विलंब शुल्कासह 15 पर्यंत, अतिविलंब शुल्कासह 20 पर्यंत. परीक्षा 20 ऑक्टोबरपासून. हिला 8 सप्टेंबरला ताप भरला. 10 तारखेला रक्त तपासलं, अहवालात डेंगी आला. 11 ला दवाखान्यात दाखल केलं, 17 ला डिस्चार्ज मिळाला. पुढे डॉक्टरांनी 24 पर्यंत विश्रांती सांगितली. 25 ला ती कॉलेजात आली आणि त्याच दिवशी अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहिली.

वडिलांनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून दिलं. त्यांना वाटलं झालं काम. पण कार्डावर तारीख आहे 17, आणि अतिविलंब शुल्काची मुदत आहे 20. मग 18, 19 आणि 20 या तीन दिवसांत ती घरी होती, तेव्हा फॉर्म का नाही भरला? हा प्रश्न कुणी वाईट हेतूनं विचारत नाही. विद्यापीठातला माणूस तारखांखाली तारखा मांडून बघतो, त्यात ही फट त्याला पहिल्यांदा दिसते. डेंगीत ताप उतरल्यावरही रुग्ण लगेच हिंडायला लागत नाही, कित्येकांना जिना चढवत नाही, हे खरं. पण ते डॉक्टरनं लिहून दिलेलं हवं. म्हणजे डिस्चार्ज कार्डाबरोबर दुसरा कागद लागतो, 24 तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिल्याचं प्रमाणपत्र. त्याच डॉक्टरांकडून, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह, सही-शिक्क्यासह. ते आलं की फट बुजली.

दुसरी फट मागच्या बाजूला आहे. फॉर्म 1 तारखेला सुरू झाले, ताप 8 ला आला. मधल्या आठवड्यात का नाही भरला? इथे काही मुलं घाबरून "1 तारखेपासूनच बरं वाटत नव्हतं" असं लिहून टाकतात. ते मात्र करू नका. रक्ताच्या अहवालावर 10 तारीख छापलेली असते, डॉक्टरच्या कागदावर ताप कधीपासून ते लिहिलेलं असतं, आणि 6 तारखेच्या हजेरीत तुमचं नाव हजर म्हणून असतं. अर्जाची मुदत 10 पर्यंत होती, शेवटच्या दोन-तीन दिवसांत भरणार होते, तेवढ्यात ताप आला, यात लपवण्यासारखं काही नाही. मुदतीच्या आत कुठल्याही दिवशी भरण्याचा तुम्हाला हक्क होता.

प्रमाणपत्राबद्दल थोडं अधिक बोलतो, कारण त्यात गडबडी फार. ओळखीच्या डॉक्टरकडून मागल्या तारखांचं प्रमाणपत्र आणणारे दर वर्षी येतात. ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. प्रमाणपत्र महिनाभराच्या आजाराचं आणि सोबत औषधाची एकही पावती नाही, तपासणीचा एकही कागद नाही, असं असलं की शंका येते. तपासणीच्या अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आपोआप छापून येते, औषधाच्या बिलावरही येते. म्हणून मी पालकांना सांगायचो, प्रमाणपत्राच्या आधी हे बारीक कागद शोधा. घरात कुठल्यातरी पिशवीत कोंबलेले असतात ते. त्यांच्या झेरॉक्स अर्जाला जोडा, मूळ प्रती जवळ ठेवा आणि मागितल्या तर दाखवा.

आता अर्जाचा मजकूर. उदाहरणातल्या मुलीचा अर्ज वाचून दाखवतो, कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

"प्रति, माननीय प्राचार्य. विषय: आजारपणामुळे बी. कॉम. भाग दोन, सत्र तीनचा परीक्षा अर्ज मुदतीत भरता न आल्याने, तो विशेष बाब म्हणून स्वीकारण्यासाठी विद्यापीठाकडे शिफारस करण्याबाबत.

महोदय, मी आपल्या महाविद्यालयात वरील वर्गात नियमित शिकत आहे. माझा पीआरएन क्रमांक अमुक आहे. मला 8 सप्टेंबरपासून ताप होता. 10 सप्टेंबरच्या तपासणीत डेंगीचे निदान झाले. 11 ते 17 सप्टेंबर मी रुग्णालयात दाखल होते व डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार 24 सप्टेंबरपर्यंत विश्रांती घेत होते. परीक्षा अर्जाची अंतिम मुदत 20 सप्टेंबर ही याच काळात संपली. मी आज, 25 सप्टेंबर रोजी, महाविद्यालयात हजर झाले आहे. नियमानुसार जे विलंब शुल्क होईल ते भरण्यास मी तयार आहे. तरी माझा अर्ज स्वीकारला जावा यासाठी आपण शिफारस करावी, ही विनंती. सोबत: रक्त तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, विश्रांतीचे प्रमाणपत्र, औषधांची बिले, मागील सत्राची गुणपत्रिका. आपली विश्वासू."

खाली सही, पूर्ण नाव, फोन नंबर. पालकांचीही सही घ्या. एवढंच. "माझे वर्ष वाया जाईल, माझ्या भविष्याचा विचार करावा" असे परिच्छेद मी शेकड्यानं वाचलेत. त्यांनी काम पुढे सरकलेलं मला आठवत नाही. वाचणाऱ्याला तारखा हव्या असतात, आणि त्या पानभर मजकुरात शोधाव्या लागल्या की तो कागद बाजूला ठेवतो. हजेरी कमी भरली असेल किंवा अंतर्गत चाचणी बुडाली असेल, तर त्याचे अर्ज वेगळे द्या. हे प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर सुटतात. एकाच कागदात तिन्ही कोंबले तर तो कागद कुठल्या टेबलावर ठेवायचा, इथूनच घोळ सुरू होतो.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर कार्यालयाचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. ही पोच जपून ठेवा. चार दिवसांनी विचारायला गेलात आणि "कुठला अर्ज?" असं कुणी म्हणालं, तर आवक क्रमांक सांगता येतो. मग पुढचं विचारा, शिफारस होऊन पत्र विद्यापीठात गेलं का, त्याचा जावक क्रमांक काय. शेजारच्या कुणाचा अर्ज तोंडी मंजूर झाला होता, असल्या गोष्टींवर विसंबू नका.

हे सगळं कधीपर्यंत जमतं? मुदत का असते ते समजलं की याचं उत्तर मिळतं. अर्ज बंद झाले की बैठक क्रमांक पडतात, कुठल्या केंद्रावर किती मुलं ते ठरतं, त्यावरून प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांची संख्या ठरते. बैठक क्रमांक पडण्याआधी आलेलं नाव यादीत सहज बसतं. पडल्यानंतर वेगळा क्रमांक द्यावा लागतो, केंद्राला वेगळं कळवावं लागतं, आणि ते करायला लोक नाखूश असतात. आपल्या उदाहरणात परीक्षेला अजून 25 दिवस आहेत, वेळ आहे. हीच मुलगी 15 ऑक्टोबरला आली असती, तर तेच कागद असूनही अवघड झालं असतं. म्हणून बरं वाटेपर्यंत थांबू नका. मुलगी दवाखान्यात असतानाच वडिलांनी किंवा भावानं साध्या कागदावर चार ओळी लिहून, दाखल केल्याचा कागद जोडून, कार्यालयात देऊन पोच घ्यावी. सविस्तर अर्ज मागून येऊ दे. मुदतीच्या आत दिलेली ती चार ओळींची चिठ्ठी नंतरच्या दहा कागदांना भारी पडते.

मंजुरी आली तर लगेच ऑनलाइन फॉर्म भरा, शुल्क भरा आणि कॉलेजनं तो स्वीकारून पुढे पाठवला का ते विचारा. तुमच्या मोबाइलवर फॉर्म भरलेला दिसतो, तेवढ्यानं तो विद्यापीठात पोचलेला नसतो. हॉल तिकीट हातात आलं की नावाच्या आधी विषय तपासा, कारण घाईत भरलेल्या अशा फॉर्ममध्ये एखादा विषय सुटतो, आणि ते पेपरच्या दिवशी वर्गात कळतं. नामंजूर झालं तर तसं लेखी मागून घ्या आणि त्याच खिडकीवर विचारा, हे विषय पुढच्या कुठल्या सत्र परीक्षेत देता येतील आणि त्याचे फॉर्म कधी सुरू होतात.